बंद राहणार…

सोमवारी सकाळी जिन्यात तो भेटला. संस्थेत नुकताच लागलेला संशोधन सहायक, काखेत लॅपटॉपची पिशवी, दोन-दोन पायऱ्या चढत वर येणारा. मला बघून थांबला आणि अगदी सहज म्हणाला, "मॅडम, शनिवारी ग्रंथालय उघडं होतं म्हणे?" मी म्हटलं, "होतं की. कळवलं होतं ना गुरुवारी." तो थोडा गोंधळला. "पण तुमच्या मेलमध्ये तर बंद लिहिलं होतं." मी जरा ताठच झाले. ते वाक्य मी स्वतः लिहिलं होतं, दोनदा वाचून पाठवलं होतं, त्यामुळे ते मला तोंडपाठ होतं. "बंद राहणार नाही, असं लिहिलं होतं," मी 'नाही'वर जोर देत म्हटलं. त्याने वाद घातला नाही. खिशातून फोन काढला, अंगठ्याने मेलची यादी वर सरकवली आणि गुरुवारच्या ओळीवर थांबून फोन माझ्यासमोर धरला.

तिथे लिहिलं होतं: "शनिवारी दुरुस्तीसाठी ग्रंथालय बंद राहणार…"

माझं 'नाही' फोनच्या कडेबाहेर राहिलं होतं. त्याच्या जागी तीन टिंबं होती.

दुसऱ्या एका संस्थेकडून त्याच्यासाठी एक जुनं पुस्तक मागवलेलं होतं. ते ग्रंथालयात बसूनच वाचायचं, बाहेर न्यायचं नाही आणि सोमवारी सकाळी परत जायचं. त्याला मिळणारा एकुलता एक पूर्ण दिवस शनिवार होता आणि तो दिवस त्याने घरी काढला. "असू दे, परत मागवू," असं म्हणून तो वर निघूनही गेला. चिडला असता तर बरं झालं असतं. मग मीही म्हटलं असतं की मेल उघडून वाचायला नको का, नुसती यादी बघून कसं चालेल, वगैरे. पण मेल उघडायची गरज पडू नये, ओळीतच सगळं कळावं, म्हणून तर हा साप्ताहिक मेल सुरू झाला होता. त्याने तो आम्हाला हवा तसाच वापरला होता.

त्याआधी आमचं मासिक वार्तापत्र होतं. म्हणजे अजूनही आहे, पण त्याबद्दल पुढे येईलच. २४ पानांची पीडीएफ. पहिल्या पानावर अध्यक्षांचं मनोगत, मग विभागांचे अहवाल, मग कार्यक्रमांचे फोटो, ज्यांत पहिल्या रांगेतली माणसं स्पष्ट आणि मागच्या रांगांची नुसती कपाळं. त्यानंतर लेख, आणि शेवटाकडे 'सूचना' नावाचं एक पान. ते पान बहुतेकदा १७ ते २० यांच्या मध्ये कुठेतरी असायचं, कारण लेख किती लांबले यावर ते पुढेमागे सरकायचं. आमचे संपादक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात, हा अंक वर्षानुवर्षं एकहाती काढत आले. प्रत्येक अंकाचं कच्चं मुद्रित ते कागदावर काढायचे आणि हिरव्या शाईने तपासायचे. लाल शाईने लिहिणाऱ्याला दडपण येतं, असं त्यांचं म्हणणं. त्या हिरव्या खुणांनी भरलेल्या कागदांना एक वास असायचा, गरम शाईचा आणि टेबलाच्या खणाचा. मी त्यांच्या हाताखालीच शिकले.

पण अंक कुणी वाचत नव्हतं. हे म्हणायला कुणी धजत नव्हतं इतकंच. कसला तरी अर्ज भरायची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी चार माणसं दारात येऊन म्हणायची, "आधी कळवलं असतं तर." आणि आम्ही त्यांना पान १७ दाखवायचो. पान दाखवण्यात एक दुष्ट समाधान असतं. मी ते अनेकदा घेतलंय. शेवटी कार्यकारी समितीने ठरवलं, की दर गुरुवारी एक मेल जाईल. त्यात सात मथळे, प्रत्येकाखाली एक ओळ, ज्याला हवं त्याने पुढे पूर्ण मजकूर वाचावा. काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, काय अवघड आहे, मोठ्याचं छोटं करायचं. दीड तास जाईल आठवड्याला.

पहिले दोन आठवडे मी मूळ अंकातले मथळे जसेच्या तसे उचलले. 'लेखा विभागाचे निवेदन'. 'एक अविस्मरणीय संध्याकाळ'. 'पुढचं पाऊल'. अंकात हे मथळे चालून जातात. खाली फोटो असतो, बाजूला लेख असतो, नजर एका क्षणात मथळ्यावरून मजकुरावर घसरते. पण मजकूर काढून घेतला आणि मथळे एकाखाली एक मांडले, की त्यांची अवस्था घर पाडल्यावर उरलेल्या दारावरच्या पाट्यांसारखी होते. कुणाचं पाऊल, कुठे पडलं, कशाचा पत्ता नाही. आणि मथळ्याखालची ओळ म्हणून मी लेखाचं पहिलं वाक्य घेतलं. तिथे दुसरी गंमत. बातमीदार मंडळींना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात, की महत्त्वाचं आधी, तपशील नंतर. म्हणजे जागा कमी पडली तर उपसंपादकाने खालून कापलं तरी बातमी जिवंत राहते. याला ते उलटा पिरॅमिड म्हणतात. संस्थांच्या वार्तापत्रांतला पिरॅमिड मात्र सरळ उभा असतो. सुरुवातीला 'गेल्या काही वर्षांपासून', मग पार्श्वभूमी, मग आभार, मग कुणाच्या मार्गदर्शनाखाली, आणि शेवटच्या परिच्छेदातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यात निर्णय. पहिलं वाक्य उचललं की हातात 'गेल्या काही वर्षांपासून' एवढंच येतं.

तिसऱ्या आठवड्यात लेखा विभागाचं एक निवेदन आलं. ते माझ्या अजून लक्षात आहे, कारण त्या एका ओळीने मला तीन दिवस घेतले. मूळ मजकूर सव्वा पान. त्याचा गाभा असा: "प्रवासखर्चाची देयके विलंबाने सादर होत असल्याने निर्माण होणाऱ्या अडचणी लक्षात घेता, सदर देयके सादर करण्याची मुदत ३० दिवसांवरून १५ दिवस करण्याचा निर्णय सर्वानुमते घेण्यात आला असून त्याची अंमलबजावणी येत्या १ तारखेपासून करण्यात येईल. तथापि परदेश दौऱ्यांच्या बाबतीत पूर्वीचीच मुदत कायम राहील."

माझा पहिला प्रयत्न होता, 'प्रवासखर्चाच्या नियमांत महत्त्वाचा बदल'. लिहून झाल्यावर बरं वाटलं. मग लक्षात आलं, की हे वाचणाऱ्याला एवढंच कळतं की काहीतरी कळायचं राहिलंय. 'महत्त्वाचा' हा शब्द तर निव्वळ आळस आहे. जे महत्त्वाचं आहे ते लिहायचं सोडून आपण ते महत्त्वाचं आहे असं लिहितो. दुसरा प्रयत्न: 'प्रवासखर्चाची बिलं आता १५ दिवसांत द्या'. हे बरं होतं. काय करायचं ते आलं, आकडा आला, आणि 'देयके सादर करण्याची मुदत' यातलं ओझं उतरलं. खाली ओळ लिहिली: '१ तारखेपासून लागू.' पाठवणार इतक्यात परदेश दौऱ्यांचं वाक्य आठवलं. तेवढं गाळलं असतं तर ओळ सुटसुटीत राहिली असती आणि चुकीची झाली असती. एका ओळीत आणताना सगळ्यात आधी बळी जातो तो अपवादाचा. 'तथापि', 'परंतु', 'फक्त', 'वगळून' हे शब्द दिसायला गरीब असतात, बातमीचं वजन त्यांच्यावर नसतं, आणि जागा वाचवायला निघालेला हात पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातो. पण ज्या चार माणसांना तो अपवाद लागू असतो त्यांच्यासाठी तीच बातमी असते. मग ओळ झाली: '१ तारखेपासून लागू, परदेश दौऱ्यांना ३० दिवसच.'

आणि मग 'लागू' या शब्दापाशी अडले. १ तारखेपासून काय लागू? १ तारखेनंतर निघालेल्या प्रवासाला, की १ तारखेनंतर दिलेल्या बिलाला? समजा एखादी बाई १० तारखेला दौऱ्यावरून परत आली आणि तिने पुढच्या महिन्याच्या २ तारखेला बिल दिलं, तर तिचे २३ दिवस झाले. जुन्या नियमाने ती वेळेत, नव्याने उशिरा. सव्वा पानात याचं उत्तर नव्हतं. मी लेखा विभागाला फोन केला. तिथले साहेब म्हणाले, "स्पष्ट लिहिलंय ना, १ तारखेपासून." मी दहा तारखेची बाई सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता होती, मग कागद चाळल्याचा आवाज, मग "थांबा, विचारून सांगतो." दोन दिवसांनी उत्तर आलं: १ तारखेला किंवा त्यानंतर सुरू झालेल्या प्रवासाला. म्हणजे तोपर्यंत ते कुणी ठरवलंच नव्हतं. समितीत सर्वानुमते मंजूर झालं होतं, सव्वा पान लिहून झालं होतं, दोघांच्या सह्या झाल्या होत्या, आणि तरी मधे एवढं मोठं भोक होतं. लांब मजकुरात भोकं झाकली जातात. वाचणारा शब्दांवरून पुढे जात राहतो आणि आपल्याला समजलंय असं त्याला वाटतं. तोच मजकूर एका ओळीत आणायचा म्हटला, की प्रत्येक शब्दाला काहीतरी धरून उभं राहावं लागतं. जो नुसताच उभा असतो तो लगेच पडतो.

तेव्हापासून मी ओळ लिहिण्याआधी मूळ लेख एकदा वाचून बाजूला ठेवते आणि मनाशी विचारते, की हे मला जिन्यात कुणी विचारलं तर मी काय सांगेन? जिन्यात कुणी 'सर्वानुमते' म्हणत नाही. जे तोंडात येतं ते लिहून काढते. मग परत मूळ लेख उघडून त्यातले आकडे, तारखा आणि अपवाद एकेक करून जुळवते. उलट क्रमाने केलं, म्हणजे लेख समोर ठेवून त्यातलं थोडंथोडं कापत गेलं, तर उरतं ते लेखाचंच लहान झालेलं अंग. त्यात लेखाची सगळी अकड शाबूत असते.

इतकं सगळं शिकून झाल्यावर ते शनिवारचं वाक्य लिहिलं गेलं, याचाच मला जास्त त्रास झाला.

त्याची हकिकत साधी होती. आधीच्या आठवड्यात आम्ही कळवलं होतं की शनिवारी विजेच्या दुरुस्तीसाठी ग्रंथालय बंद राहील. मग दुरुस्तीवाल्यांनी तारीख पुढे ढकलली. ग्रंथपाल मॅडमनी चिठ्ठी पाठवली, 'शनिवारी दुरुस्तीसाठी ग्रंथालय बंद राहणार नाही, कृपया कळवावे.' मी त्यात काही बदललं नाही. स्पष्ट होतं, खरं होतं, छोटं होतं. सगळ्यात निकडीचं म्हणून तेच मेलच्या विषयाच्या जागी टाकलं. माझ्या संगणकाच्या रुंद पडद्यावर ते पूर्ण दिसत होतं. फोनवर विषयाच्या जागेत एका ओळीत साधारण तीस-चाळीस अक्षरं मावतात, आणि ज्यांनी फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवली आहेत त्यांना त्याहूनही कमी. पुढे टिंबं.

त्या रात्री मी आपल्या भाषेकडे पहिल्यांदाच जरा संशयाने बघितलं. मराठी वाक्याचा सगळा निकाल शेवटी लागतो. कर्ता येतो, कर्म येतं, कुठे-कधी-कशासाठी सगळं येऊन बसतं, आणि क्रियापद सावकाश शेवटी येतं. त्याच्याही मागून, अगदी शेवटी, नकार येतो. 'नाही'. 'नये'. 'नको'. इंग्रजीत नकार मुख्य क्रियापदाच्या आधी येतो, त्यामुळे तिथे वाक्य उजवीकडून कापलं तर बहुतेकदा अर्धवट राहतं, उलटं होत नाही. आपलं वाक्य कापलं तर ते उलटं होतं, आणि तेही व्याकरणाने पूर्ण वाटावं असं. 'अर्जासोबत मूळ प्रमाणपत्र जोडू' आणि टिंबं. पुढे 'नये' आहे की 'शकता', देव जाणे. बोलताना हे बिघडत नाही, कारण समोरचा आपलं वाक्य संपेपर्यंत थांबतो. निदान चेहरा तरी बघतो.

मग मी जुने मेल काढून बसले. फोन हातात धरला आणि दुसऱ्या हाताचा तळवा पडद्यावर आडवा ठेवून प्रत्येक मथळ्यावरून उजवीकडून डावीकडे सरकवत नेला. जिथे जिथे तळवा थांबेल तिथे उरलेलं वाक्य खोटं होतंय का, एवढंच बघायचं. अपुरं राहिलं तर चालेल. खोटं व्हायला नको. सात-आठ मेलमध्ये असे चार मथळे सापडले, ज्यांत माझ्या सुदैवाने कुणी फसलं नव्हतं, किंवा फसलं असेल तर मला जिन्यात भेटलं नव्हतं. उपाय मात्र भाषेतच होते. मराठीत नकाराचं काम करणारे सरळ शब्द आहेत आणि ते पुढे घेता येतात: रद्द, स्थगित, सुरूच, कायम, पुढे ढकललं. ग्रंथपाल मॅडमची चिठ्ठी खरं तर अशी जायला हवी होती: 'ग्रंथालय शनिवारी सुरू, दुरुस्ती पुढे ढकलली'. हिला कुठेही कापा. 'ग्रंथालय शनिवारी सुरू' खरं आहे, 'ग्रंथालय शनिवारी' निरुपद्रवी आहे. वृत्तपत्रांचे मथळे क्रियापद गाळून नामावर संपतात, 'अमक्याला मुदतवाढ', 'तमुक रद्द', हे मी लहानपणापासून वाचत आले होते आणि ती मला एक कृत्रिम, तुटक भाषा वाटायची. त्यामागे छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांच्या जमान्यापासूनची जागेची मारामारी आहे, हे त्या दिवशी हाताला जाणवलं.

अक्षरं मोजण्याचाही प्रयत्न करून झाला. मेल पाठवण्याच्या सेवेत विषयाच्या रकान्याखाली एक मोजणी दिसते, आणि मदतीच्या पानावर सल्ला असतो की एवढ्या अक्षरांच्या आत राहा. मी 'ग्रंथालय' लिहिलं तर तिने आठ मोजले. डोळ्यांना चार दिसतात: ग्रं, था, ल, य. यंत्र ग वेगळा मोजतं, हलन्ताची खूण वेगळी, र वेगळा, अनुस्वार वेगळा, थ आणि त्याचा काना वेगवेगळे. जोडाक्षरांनी भरलेला मथळा मोजणीत लांबलचक निघतो आणि पडद्यावर आखूड दिसतो, आणि 'काळजी' सारखे ऐसपैस शब्द असले की नुसत्या आकड्यावरून काही अंदाज लागत नाही. आता मी मोजत नाही. आधी स्वतःला पाठवते आणि बघते. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना पाठवते, कारण त्यांच्या फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी आहेत. त्यांच्याकडे जे दिसतं ते सगळ्यांना दिसतं.

एकदा तर सातवा मथळाच गायब झाला. मी मजकूर वर्डमध्ये लिहून तिथून चिकटवला होता, आणि त्याच्यासोबत न दिसणारी मांडणीची सगळी अडगळ आली होती. मेल १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल तो तिथेच कापतं आणि खाली बारीक अक्षरांत `[Message clipped]` लिहून मोकळं होतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं हे खरं, पण सात ओळींच्या मजकुराला असं कितीसं वजन असणार? सगळा भार त्या अडगळीचा. तेव्हापासून साधा मजकूर म्हणूनच चिकटवते.

तीन महिन्यांनी समितीने आकडे मागितले. किती जणांनी उघडला, किती जणांनी पुढे क्लिक केलं. उघडल्याचा आकडा छान दिसत होता, आणि म्हणूनच मला तो दाखवायची लाज वाटली. मेल उघडला हे कळतं ते त्यात दडवलेलं एक बारीकसं चित्र उतरवलं गेलं की नाही यावरून. २०२१पासून ॲपलच्या मेलमध्ये एक सोय आली, ती चालू असेल तर अशी चित्रं माणसाने मेल उघडण्याआधीच उतरवली जातात. म्हणजे फोन टेबलावर पडलेला असतो आणि आमच्याकडे 'वाचला' म्हणून नोंद होते. क्लिकचा आकडा त्याहून बरा, पण तो निराळ्याच तऱ्हेने फसवतो. प्रवासखर्चाच्या बातमीवर क्लिक करणारे मोजून नऊ जण होते. 'एक अविस्मरणीय संध्याकाळ'वर जवळजवळ शंभर. समितीतले एक जण म्हणाले, "बघा, लोकांना काय आवडतं ते." पण प्रवासखर्चाची ओळ वाचून सगळं कळत होतं, क्लिक कशाला करतील? आणि अविस्मरणीय संध्याकाळ नक्की कुणाची, कधी, हे ओळीतून कळतच नव्हतं, म्हणून बिचाऱ्यांनी उघडून बघितलं. क्लिक वाढवायचे तर ओळ वाईट लिहायची, इतका तो सोपा हिशेब आहे. मी आता एक वही ठेवलीये. गुरुवारी मेल गेल्यावर पुढच्या बुधवारपर्यंत जे फोन येतात, 'कधी आहे', 'कुणाला लागू', 'कुठे द्यायचं', ते त्या-त्या मथळ्यापुढे रेघा मारून लिहिते. ज्याच्यापुढे रेघा जास्त, ती ओळ फसली. समितीला ही वही मी अजून दाखवलेली नाही. तिच्यावर चहाचे डाग आहेत.

पण या सगळ्या हुशारीला एक लेख पुरून उरला.

आमच्या काचेच्या कार्यशाळेतले तंत्रज्ञ निवृत्त होत होते. प्रयोगशाळांना लागणारी काचेची उपकरणं ते ज्योतीवर फुंकून बनवायचे. सरांनी त्यांच्यावर तीन पानांचा लेख लिहिला. त्यात एक जागा होती: तापलेल्या काचेतून सोडियमचा भगभगीत पिवळा उजेड येतो आणि त्या झळाळीत काच दिसेनाशी होते. म्हणून ते खास रंगाचा चष्मा लावतात. तो नेमका तेवढाच पिवळा गाळतो, बाकीचं सगळं दिसू देतो. निवृत्तीच्या गप्पांत ते सरांना म्हणाले होते, की चष्मा लावला की आग विझल्यासारखी वाटते आणि काच एकटीच उरते. मी तो लेख टेबलाशी बसून वाचला, परत वाचला, आणि मग शिस्तीत ओळ लिहिली: 'काच कार्यशाळेतील वरिष्ठ तंत्रज्ञ ३१ तारखेला निवृत्त, निरोप समारंभ दुपारी ४ वाजता, सभागृहात.' कोण, काय, कधी, कुठे. कुठेही कापा, खोटं होत नाही. एकही फोन आला नाही. वहीत त्या मथळ्यापुढे एकही रेघ नाही.

सर काही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावरून जाताना मला तो लेख दिसला, कागदावर काढलेला, हिरव्या खुणांसकट, आणि त्यावर माझा मेलही छापून ठेवलेला. ओळीखाली हिरवी रेघ होती. खूण नव्हती, नुसती रेघ. ती पसंतीची की कशाची, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

बऱ्याच दिवसांनी माझ्या डोक्यात उजेड पडला, की समारंभाची वेळ ही एक बातमी आणि तो लेख ही दुसरीच वस्तू. बातमीची ओळ उत्तर देणारी हवी. लेखाला उत्तर नसतंच, त्याची नुसती वानगी देता येते. आता अंकात असा लेख आला की मी त्याचा सारांश करत नाही. त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं उचलते आणि खाली पानाचा दुवा देते. वाक्य निवडायला मात्र सगळा लेख वाचावा लागतो, आणि कधीकधी दोनदा वाचूनही उचलण्यासारखं वाक्य सापडत नाही, तेव्हा त्या लेखाबद्दल जे समजायचं ते समजतं. काचवाल्या काकांच्या लेखाची ओळ मी आता निराळी लिहिली असती. पण ते निवृत्त होऊन गेले, मेल गेला, आणि मेल परत बोलावता येत नाही.

गेल्या महिन्यात समितीने आणखी एक निर्णय घेतला. वार्तापत्र दर महिन्याला निघणार नाही, तीन महिन्यांतून एकदा निघेल. अंक बंदच करायचा असं दोघांचं म्हणणं होतं. सरांनी बैठकीत बराच वेळ बोलून तो वाचवला असं नंतर कळलं. ही बातमी गुरुवारच्या मेलमध्ये माझ्यावर येऊन पडली. पहिल्यांदा हातून उतरलं ते असं: 'वार्तापत्र बंद होणार नाही'. सवयीने तळवा सरकवला आणि 'वार्तापत्र बंद होणार' वाचून पोटात खड्डा पडला. खोडलं. मग लिहिलं: 'वार्तापत्र आता दर तीन महिन्यांनी'. खरं होतं, छोटं होतं, कुठेही कापलं तरी तग धरणारं होतं. त्यात बैठकीतलं बोलणं नव्हतं, पण ते कुठल्याच ओळीत मावलं नसतं.

तरी मी तसंच पाठवलं नाही. कागदावर काढलं आणि सरांकडे घेऊन गेले. ते चष्मा कपाळावर चढवून काहीतरी लिहीत होते. कागद घेतला, वाचला, हिरवं पेन उचललं. मी मनाची तयारी करून उभी होते, की आता एखादा परिच्छेद वाढणार.

त्यांनी 'आता'वर रेघ मारली.

"हा कशाला ठेवलास? मागं काय होतं ते सगळ्यांना माहितीये," म्हणाले, आणि कागद परत देऊन आपल्या लिहिण्याकडे वळले.

मी जागेवर येऊन तो शब्द काढला, शेजारच्या बाईंच्या फोनवर एकदा पाठवून बघितला, आणि मेल सोडला.